शिवाजी महाराज दिसायला कसे होते? वर्णने, चित्रे आणि आजारपणाच्या नोंदी तपासण्याची रीत

शिवाजी महाराजांची उंची किती होती, वजन किती, रंग कसा, आणि ते गेले कशाने, असे चार प्रश्न विचारले की आपल्याकडे उत्तरांचा पाऊस पडतो. कोणी इंचांत उंची सांगतो, कोणी तलवारीच्या वजनावरून मनगट मोजतो, कोणी मृत्यूचे निदान डॉक्टरांच्या थाटात करून मोकळा होतो. अस्सल साधने मात्र मोजकीच आहेत. ती समोर ठेवून नीट वाचली तर बरेच काही हाती लागते आणि बरेच काही हातातून सुटतेही. इथे त्यांतली महत्त्वाची साधने घेऊन ती कशी तपासायची ते एकेका पायरीने पाहू. दुसऱ्या कोणत्या ऐतिहासिक व्यक्तीवर काम करत असाल तर साधने बदलतील, पण विचारायचे प्रश्न बहुतेक हेच राहतील.

पहिली पायरी: डोळा कोणाचा, ते आधी ठरवा

एक वही घ्या आणि प्रत्येक वर्णनापुढे चार गोष्टी लिहा. लिहिणारा कोण, त्याने कुठे आणि कधी लिहिले, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि तो कोणाशी तुलना करतो आहे. यांतला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक पुस्तकांत रिकामा असतो.

सर्वांत जास्त उद्धृत होणारे वर्णन घेऊ. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. तिथल्या इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. त्याने २६ जानेवारीला, म्हणजे लूट होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, इंग्लंडमधल्या सर टॉमस ब्राऊन यांना पत्र लिहिले. त्यातले वर्णन थोडक्यात असे: उंची मध्यम, माझ्याहून जरा कमी, ताठ, अत्यंत प्रमाणबद्ध बांधा, हालचालीत चपळ, बोलताना हसल्यासारखे वाटतात, नजर तीक्ष्ण आणि वेधक, आणि आपल्या माणसांपेक्षा रंगाने गोरे.

हे वर्णन देताना ‘प्रत्यक्षदर्शी इंग्रज पाद्री’ असे लिहिलेले सर्रास दिसते. पण पत्रातच स्पष्ट म्हटले आहे की ज्यांनी त्यांना पाहिले ते असे वर्णन करतात. म्हणजे एस्कॅलियट वखारीच्या भिंतीआड होता आणि हे त्याला कोणीतरी सांगितले. कोणी? याचा माग त्याच प्रसंगात लागतो. अँथनी स्मिथ नावाचा वखारीचा माणूस लुटीच्या दिवसांत मराठ्यांच्या हाती सापडला, महाराजांच्या छावणीत तीन दिवस कैदेत राहिला आणि मग सुटून वखारीत परतला. छावणीत काय चालले होते याची त्या पत्रातली माहिती त्याच्याकडूनच आलेली आहे. तेव्हा चेहऱ्याचे वर्णनही स्मिथचे असावे असा तर्क करायला जागा आहे. मात्र वहीत तो तर्क म्हणूनच लिहायचा, पुरावा म्हणून नाही.

याने वर्णनाची किंमत कमी झाली का? थोडी झाली, पण फार नाही. मूळ पाहणारा आणि लिहिणारा यांच्यात बहुधा तिसरा माणूस नाही आणि मध्ये गेलेला काळ काही दिवसांचा आहे. शिवाय लिहिणारा शत्रुपक्षाच्या बाजूचा, लुटीने धास्तावलेला. त्याला महाराजांची स्तुती करायचे काही कारण नव्हते. अशा माणसाच्या लेखणीतून ‘प्रमाणबद्ध’, ‘हसतमुख’ हे शब्द येतात तेव्हा त्यांना वजन असते.

याच्या उलट एक नमुना पाहा. कॉस्मा दा गार्दा या नावाने एक पोर्तुगीज चरित्र आहे. ते १६९५ मध्ये लिहिले गेले आणि १७३० मध्ये लिस्बनला छापले. त्यात महाराजांचा चेहरा स्वच्छ व गोरा, डोळे काळेभोर, मोठे आणि जणू आगीचे किरण फेकणारे, असे भरभरून वर्णन आहे. वाचायला बहारदार. पण महाराजांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, आणि हाच लेखक महाराज एका पोर्तुगीज सरदाराचे पुत्र असल्याची कंडी पिकवतो. ज्याला नायक पोर्तुगीज रक्ताचा ठरवायचा आहे, त्याने त्याचा रंग गोरा सांगितला तर त्यात नवल काय? अशा साधनातली रंगाची नोंद मोजणीतून बाहेर ठेवायची. गोरेपणा खोटा आहे म्हणून नव्हे, तर हा साक्षीदार त्या एका मुद्द्यावर हितसंबंधी आहे म्हणून.

दुसरी पायरी: वर्णन फोडा आणि मोजपट्टी शोधा

अख्खे वर्णन खरे की खोटे असा निवाडा कधीच देऊ नका. उंची, बांधा, रंग, डोळे, दाढी, वागणे असे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. त्यासाठी आणखी दोन साक्षीदार लागतील.

पहिला फ्रेंच प्रवासी थेवनो. तो जानेवारी १६६६ मध्ये सुरतेत होता. त्याची नोंद छोटी आहे: हा राजा ठेंगणा आणि सावळा आहे, डोळे चंचल व बुद्धी दाखवणारे आहेत, तो बहुधा दिवसातून एकदाच जेवतो आणि त्याची प्रकृती चांगली आहे. थेवनोने महाराजांना पाहिले नव्हते. सुरतेत जे बोलले जात होते ते त्याने टिपले.

दुसरा साक्षीदार माझ्या मते सर्वांत मोलाचा. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्यात होते तेव्हा त्यांची व्यवस्था मिर्झाराजा जयसिंगांचा मुलगा रामसिंग पाहत होता. त्यांच्या पदरी असलेल्या परकालदासाने आमेरला कल्याणदासाला पत्रे लिहिली. ती राजस्थानी बोलीत आहेत आणि जयपूरच्या दप्तरात सापडली. त्यात म्हटले आहे की शिवाजीचे शरीर पाहायला लहान आणि किरकोळ वाटते, रंग विलक्षण गोरा आहे, आणि कोण आहे हे न विचारताही हा राजा आहे असे आपोआप जाणवते. दाढी राखलेली आहे. मुलगा नऊ वर्षांचा असून दिसायला फार देखणा आणि गोरा आहे. हे कचेरीतल्या माणसाने कचेरीतल्या माणसाला लिहिलेले खाजगी पत्र आहे. ते पुढे इतिहासाचे साधन होईल हे त्याच्या गावीही नव्हते.

आता तुकडे जुळवू. उंचीबाबत तिघांचेही म्हणणे एकाच बाजूला झुकते. एक म्हणतो माझ्याहून कमी, दुसरा म्हणतो ठेंगणा, तिसरा म्हणतो लहान चणीचा. सुरतेतल्या दोन नोंदी पूर्णपणे स्वतंत्र धरता येत नाहीत, कारण गाव एकच आणि तिथल्या गप्पाही त्याच. पण आग्र्याची नोंद पूर्ण वेगळी आहे. भाषा वेगळी, माणूस वेगळा, आणि तो सुरतेच्या वखारीतले काही वाचणे शक्यच नाही. दोन स्वतंत्र ठिकाणांहून तीच गोष्ट आली, की ती पक्की धरायची.

पण किती कमी? इथे मोजपट्टी पाहावी लागते. एस्कॅलियट ‘माझ्याहून’ म्हणतो, आणि स्वतःची उंची त्या पत्रात सांगत नाही. त्या काळचा सरासरी इंग्रज पुरुष सांगाड्यांच्या मोजमापांवरून साधारण पाच फूट सहा-सात इंचांचा होता. त्यापेक्षा जरा कमी म्हणजे पाच फूट चार इंच असेल, पाच फूट पाच असेल. परकालदासाच्या डोळ्यांपुढे धिप्पाड राजपूत होते, त्यांच्या शेजारी मध्यम चणीचा मावळी माणूस लहानच दिसणार. तेव्हा ‘उत्तरेतल्या सरदारांच्या आणि युरोपियनांच्या मानाने कमी उंचीचे’ एवढे लिहिता येते. त्यापुढे फूट-इंच लिहिले की तो आकडा आपण पदरचा घातलेला असतो.

रंगाच्या बाबतीत तर साक्षीदार भांडताना दिसतात. दोघे गोरा म्हणतात, एक सावळा. अनेक जण इथे आपल्याला हवा तो साक्षीदार उचलतात. त्याऐवजी प्रत्येकाची मोजपट्टी लावून पाहा. एस्कॅलियटची तुलना महाराजांच्याच सैनिकांशी आहे, आणि ते उन्हातान्हात राबणारे मावळे होते. परकालदास हिंदुस्थानी माणूस, त्याच्या नजरेत गोरेपणा हिंदुस्थानी मापाने. थेवनो फ्रेंच, त्याच्या लेखी इथला गव्हाळ माणूसही सावळाच. मग भांडण उरतच नाही. दख्खनच्या माणसांत उजळ, युरोपियनाच्या डोळ्याला गव्हाळ-तांबूस असा रंग तिन्ही नोंदींना एकदम सामावून घेतो. परकालदासाने मुलाचाही रंग उजळच सांगितला आहे, त्यामुळे हा घराण्यातला विशेष असावा असे म्हणायला आणखी आधार मिळतो.

डोळ्यांचे तेज तिन्ही युरोपियन सांगतात. त्याबाबत मी थोडा हात राखून असतो. प्रसिद्ध माणसाचे डोळे तेजस्वी असतात असे सांगायची जगभर रीतच आहे, आणि ज्याने नुकतीच सुरत लुटली त्याचे डोळे कोणाला मंद दिसणार? बोलताना हसल्यासारखे वाटणे ही नोंद मात्र मला जास्त विश्वासार्ह वाटते. लुटारू म्हणून ज्याची धास्ती घेतली त्याच्या चेहऱ्यावर हसू पाहणे ठरावीक साच्यात बसत नाही. साच्याबाहेरचा तपशील सहसा पाहूनच आलेला असतो. याच कारणाने संस्कृत काव्यांतले आणि बखरींतले लांब बाहू, विशाल नेत्र, उन्नत ललाट हे शब्द वर्णन म्हणून धरू नयेत. ती राजलक्षणे आहेत, प्रत्येक राजाला मिळतात.

तिसरी पायरी: चित्राचा प्रवास शोधा

महाराजांना समोर बसवून काढले असे खात्रीने म्हणता येईल असे एकही चित्र आज आपल्याकडे नाही. इथून सुरुवात केली की पुढचा बराच गोंधळ टळतो.

जुनी म्हणून धरली जाणारी चित्रे मुख्यतः दोन वाटांनी आली आहेत. एक वाट मनुचीची. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस १६६५ मध्ये जयसिंगांच्या छावणीत होता आणि तिथे महाराजांशी आपली भेट झाली, बोलणे झाले असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून १६८६ च्या आधी राजे-सरदारांची चित्रे करवून घेतली आणि पुढे युरोपला पाठवली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, त्यात महाराज घोड्यावर आहेत. इथे लक्षात घ्यायचे ते असे की महाराजांना पाहिल्याचे सांगणारा मनुची, आणि चित्र काढणारा मीर मुहम्मद. चित्रकाराने दुसरे चित्र पुढे ठेवून काढले असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी वाट गोवळकोंड्याची. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना महाराजांचा मुक्काम भागानगरला, म्हणजे हैदराबादला, सुमारे महिनाभर होता. तिथे चित्रकारांची मोठी पेठ होती आणि डच, इंग्रज व्यापारी अशी चित्रे संचांनी विकत घेत. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये असलेली महाराजांची चित्रे याच शैलीतली, १६८० च्या दशकातली मानली जातात. भागानगरच्या मुक्कामात एखाद्या चितेऱ्याने महाराजांना मिरवणुकीत किंवा दरबारात पाहिले असेल, त्यावरून मूळ रेखाटन झाले असेल. असेलच असे नाही. पण संधी होती, एवढे नक्की.

यानंतर एक प्रश्न विचारायचा जो बहुतेक जण विचारत नाहीत. चार चित्रांत नाक सारखे आहे, म्हणजे चार साक्षीदार झाले का? नाही. त्या काळी चित्रशाळेत चर्बे असत. पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राची रेघ उतरवायची, रेघेवर बारीक भोके पाडायची, ते नव्या कागदावर ठेवून कोळशाची पूड झटकायची, की ठिपक्यांनी तोच चेहरा तयार. मग पोशाख बदला, हातात फूल द्या नाहीतर तलवार द्या. त्यामुळे एका चर्ब्यावरून निघालेली दहा चित्रे ही एकाच साक्षीदाराची दहा बोलणी. ओळखायचे कसे? दोन चित्रांचे फोटो एकाच मापाचे करून एकावर एक ठेवा. कपाळ, नाक, ओठ, हनुवटीची कड तंतोतंत बसली तर चर्बा एकच. उलट शैली वेगळी, कड बसत नाही, पण नाकाचा बाक आणि दाढीची ठेवण तीच, असे असेल तर साक्ष स्वतंत्र असण्याची शक्यता वाढते. चेहऱ्याची दिशा उलटी असेल तर फोटो आरशासारखा फिरवून पाहायला विसरू नका. छापील चित्रांत डावे-उजवे बदलणे नेहमीचे आहे.

मुघल आणि दख्खनी चित्रांत चेहरा बहुधा एका बाजूने काढतात. त्यामुळे अशा चित्रातून नाकाची कड, कपाळाचा उतार, दाढी-मिशांची ठेवण, कल्ले, पगडीची बांधणी या गोष्टी विश्वासाने घेता येतात. चेहरा रुंद होता की अरुंद, दोन डोळ्यांत अंतर किती, या गोष्टी त्यात नसतातच. समोरून काढलेली आजची सगळी चित्रे आणि पुतळे तेवढा भाग कल्पनेने भरतात. त्यात गैर काही नाही, फक्त तो पुरावा नव्हे. एकट्या उभ्या आकृतीवरून उंची काढता येत नाही. रंगाचेही तसेच. कातडीचा रंग हा चित्रकाराच्या ताटलीतला रंग असतो, आणि सफेद्यात शिसे असले की तो काळाने काळवंडतोही.

शेवटी नावाची पट्टी तपासा. चित्राखालचे नाव कोणत्या लिपीत, कोणाच्या हातचे, चित्राबरोबरचे की पुढच्या मालकाने लिहिलेले? युरोपात गेलेल्या संचांवर नावे अनेकदा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून घातलेली असतात, आणि भलत्याच सरदाराचे चित्र भलत्याच्या नावाने खपलेले आहे. महाराजांच्या बाबतीत आधार मिळतो तो असा की वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या चित्रांत बाकदार नाक आणि निमुळती दाढी कायम आहे, आणि दाढीची साक्ष परकालदासाच्या पत्रातही आहे. नाकाबद्दल मात्र एकाही समकालीन पत्रात शब्द नाही, ते केवळ चित्रांच्या भरवशावर आहे.

या रीतीवर विश्वास किती ठेवावा, याची कसोटी लागलेले एक प्रकरण इंग्लंडात आहे. तिसरा रिचर्ड हा राजा १४८५ मध्ये लढाईत मारला गेला आणि २०१२ मध्ये लेस्टर शहरात त्याचा सांगाडा सापडला. त्याच काळातल्या जॉन राऊस याने लिहिले होते की राजा लहान चणीचा होता आणि त्याचा उजवा खांदा डाव्याहून वर होता. सांगाड्याचा कणा खरोखर बाजूला वळलेला निघाला आणि उजवा खांदाच वर ठरला. याउलट मागाहून पसरलेली वाळलेल्या हाताची गोष्ट हाडांनी खोटी पाडली. राजघराण्याच्या संग्रहातल्या त्याच्या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा खांद्याची रेघ मागाहून वर चढवलेली दिसली. म्हणजे जवळच्या माणसाने लिहिलेला शरीराचा ढोबळ विशेष टिकला, दूरच्याने त्याला जोडलेली भर गळाली, आणि चित्राला लोकसमजुतीप्रमाणे हात लावला गेला होता. महाराजांच्या साधनांकडेही याच तारतम्याने पाहावे.

चौथी पायरी: आकडा मिळाला तर हिशेब करून पाहा

महाराजांच्या वजनाचा एक आकडा खरोखर आहे. राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याच्या रोजनिशीत २९ मे १६७४ रोजी सुवर्णतुलेची नोंद आहे: राजाचे वजन सुमारे १६,००० पॅगोडा भरले. पॅगोडा म्हणजे आपला होन.

आता गुणाकार करा. दक्षिणेत चालणारा होन साधारण ३.४ ग्रॅमचा. १६,००० × ३.४ म्हणजे ५४.४ किलो. पण महाराजांचा स्वतःचा शिवराई होन याहून हलका, सुमारे २.८ ग्रॅमचा. तो धरला तर ४४.८ किलो येतात. नुसत्या नाण्याच्या जातीने जवळजवळ दहा किलोंचा फरक पडला. त्यात ‘सुमारे’ या शब्दाचा फरक मिळवा. हजार होन इकडे-तिकडे झाले की तीन किलो हलतात. पारड्यात बसताना अंगावर वस्त्रे, दागिने, शस्त्रे काय होती ते नोंदीत नाही, त्यांचे वजन वजा करावे लागेल. आणि १६,००० हा सोन्याच्या वजनाचा आकडा की त्या सोन्याच्या किमतीचा, हाही प्रश्न राहतो.

मग हा आकडा टाकून द्यायचा? नाही. तो एका कामाला येतो. कोणत्याही बाजूने हिशेब केला तरी माणूस स्थूल निघत नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही बांधा हलकाच होता, आणि आठ वर्षांपूर्वी परकालदासाने पाहिलेल्या किरकोळ शरीराशी ते जुळते. ‘महाराजांचे वजन ५४ किलो’ असे वाक्य मात्र लिहू नये. इतका नेमका आकडा या नोंदीतून निघत नाही.

ऑक्झेंडनबद्दल आणखी एक चुटपुट लागून राहते. हा माणूस दरबारात समोर उभा होता. सिंहासनाची भव्यता त्याने टिपली, दुभाष्या नारायण शेणव्याने नजरेची हिऱ्याची अंगठी कशी उंच धरली ते टिपले, रायगडासारख्या अवघड गडावर हत्ती कसे चढवले असतील याचा अचंबाही नोंदवला. चेहऱ्याबद्दल एक ओळ नाही. त्यामुळे आपल्याकडची शब्दचित्रे १६६६ लाच, महाराज छत्तीस वर्षांचे असताना थांबतात, आणि चित्रे उतारवयाच्या जवळची आहेत. दोन्ही एकत्र करून एकच चेहरा बनवताना हे अंतर विसरले जाते.

तलवारीचे वजन, चिलखताचे माप, सिंधुदुर्गावरचे हातापायाचे ठसे यांच्यावरून उंची काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्या वस्तू महाराजांच्या, ही परंपरा झाली. परंपरेचा मान ठेवावा, पण तिला मोजपट्टी लावू नये.

पाचवी पायरी: प्रकृतीचा अंदाज कामावरून, आजाराचा लक्षणांवरून

प्रकृतीबद्दल लिहिलेल्या शब्दांपेक्षा माणसाची दिनचर्या आणि प्रवास जास्त बोलतात. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात महाराजांच्या मृत्यूच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. हा माणूस इतक्यांदा मेला आहे की लोक त्याला अमर समजू लागले आहेत, अशा अर्थाचे वाक्य १६८० च्या एका पत्रात सापडते. १६७६ च्या सुरुवातीला ते साताऱ्यास आजारी होते, तेव्हाही ते गेल्याच्या वावड्या उठल्या, अगदी विषाच्या गोष्टीसकट. पुढच्याच वर्षी ते भागानगर, जिंजी, वेल्लोरपर्यंतच्या मोहिमेवर होते. नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना मुघल फौज आडवी आली, तेव्हा तीन दिवस-रात्र अवघड वाटांनी दौड करून ते पट्टागडावर पोहोचले. मृत्यूच्या पाच महिने आधी घोड्यावर एवढे श्रम सोसणारा माणूस दीर्घ क्षयाने किंवा तशा झिजवणाऱ्या रोगाने खंगलेला नव्हता, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

आता शेवटचे आजारपण. आधी तारखांची दोरी ताणून घ्या. रायगडावर राजाराम महाराजांची मुंज ७ मार्च १६८० ला आणि लग्न १५ मार्चला झाले. मृत्यू जेधे शकावली या तारीखवार नोंदींच्या साधनाप्रमाणे शके १६०२ च्या चैत्र पौर्णिमेला, शनिवारी, दोन प्रहरी. म्हणजे ३ एप्रिल १६८०. इथे एक खाच आहे. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ही तारीख टाकली तर बुधवार येतो आणि शकावली चुकली असे वाटते. शकावली बरोबर आहे. आपली नेहमीची ३ एप्रिल ही तारीख जुन्या, जूलियन पंचांगाची आहे. त्यात दहा दिवस मिळवले की आजच्या पद्धतीने १३ एप्रिल होते, आणि तो शनिवारच. इंग्रजांची पत्रेही जूलियन तारखांची आहेत, तेव्हा त्यांच्याशी तुलना करताना मात्र काही मिळवायचे नाही.

मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिलला लिहिले: शिवाजी राजा मेल्याची खात्रीची बातमी आहे, त्याला २३ दिवस झाले, रक्तातिसाराने गेला असे म्हणतात, १२ दिवस आजारी होता. २८ मधून २३ वजा केले की ५ एप्रिल येते. दोन दिवसांची चूक. गडाचे दरवाजे बंद करून बातमी दाबून ठेवलेली असताना एवढीच चूक होणे म्हणजे खबर चांगल्या वाटेने आली होती. बारा दिवस मागे गेले की आजाराची सुरुवात मार्चच्या बावीस-तेविसाला येते, लग्नानंतर आठवड्याभराने, आणि हे क्रमात नीट बसते. रोगाचे नाव मात्र त्याच पत्रात ‘असे म्हणतात’ म्हणून आले आहे, हे विसरू नका.

बखरकार सभासदाने १६९० च्या दशकात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिताना ज्वराची व्यथा झाली एवढेच सांगितले. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात, मासिर-इ-आलमगिरीत, घोड्यावरून रपेट करून आले, उष्णतेने दोनदा रक्ताची उलटी झाली आणि गेले, असे आहे. तिघांचे तीन आजार झाले. पण निदान बाजूला ठेवून नुसती लक्षणे मांडली तर ताप आणि रक्त पडणे एवढे उरते. पहिली दोन साधने एकमेकांना छेदत नाहीत. ताप आणि रक्ती आव एकत्र असणे अगदी नेहमीचे. तिसरे साधन शत्रूच्या दरबारातले, पुष्कळ मागाहून सिद्ध झालेले, आणि त्यातला तडकाफडकी मृत्यू बारा दिवसांच्या आजाराशी जुळत नाही. म्हणून ते शेवटी ठेवायचे.

यापुढे जाऊन आमांश, आतड्याचा विषमज्वर की आणखी काही, हे ठरवता येत नाही. त्या सर्वांत ताप येतो आणि रक्त पडू शकते. विषप्रयोगाची कथा उत्तरकालीन बखरींत रंगते. तिच्याबद्दल विचारायचे ते इतकेच, की हीच कथा चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या आजारातही उठली होती आणि तेव्हा महाराज उठून कर्नाटकात गेले होते. मोठा माणूस आजारी पडला की उठणारी ही ठरलेली आवई आहे. बारा दिवसांचा ताप आणि रक्ती समजून घ्यायला मार्च-एप्रिलचा उन्हाळा आणि त्या काळचे पाणी पुरेसे आहे.

लेखात हे मांडताना मी वाक्यातच पुराव्याची पायरी ठेवतो. ‘कमी उंचीचे, हलक्या प्रमाणबद्ध बांध्याचे, दाढी राखणारे होते’ हे सरळ विधान म्हणून. ‘दख्खनच्या माणसांत उजळ होते’ हे तुलनेसह. ‘नाक बाकदार होते’ याच्यामागे ‘चित्रांवरून’ हा शब्द. आणि ‘सुमारे बारा दिवसांच्या तापाच्या आजाराने गेले, रक्तातिसाराची बातमी मुंबईच्या इंग्रजांकडे होती’ इथे लेखणी थांबवायची, रोगाचे आधुनिक नाव न घालता.